चौसष्ट घरांचा एक आकडा

बुद्धिबळाचा पट मांडून झाला की पांढऱ्याकडे पहिल्या खेळीसाठी बरोबर २० पर्याय असतात. आठ प्यादी प्रत्येकी एक किंवा दोन घरे पुढे सरकू शकतात, म्हणजे १६ खेळ्या. दोन घोडे प्रत्येकी दोन घरांवर उडी मारू शकतात, म्हणजे ४. बाकीचे मोहरे आपल्याच प्याद्यांमागे अडकलेले असतात. पटाकडे नजर टाकली की खेळणाऱ्याला हे सगळे लगेच दिसते. संगणकाला मात्र पट दिसत नाही, त्याच्याजवळ असतात फक्त आकडे. तरीही मोबाइलवर डाव तपासून देणारा स्टॉकफिशसारखा प्रोग्रॅम एका सेकंदात लाखो स्थिती चाळतो, आणि प्रत्येक स्थितीत त्याला हाच प्रश्न पुन्हा सोडवावा लागतो: आता कोणता मोहरा कुठे जाऊ शकतो?

एका घरावरून दुसऱ्या घरावर जात, ‘इथे कोणी आहे का’ असे विचारत बसले तर एवढा वेग साधणार नाही. त्याऐवजी प्रोग्रॅम संपूर्ण पटाला एकाच वेळी प्रश्न विचारतो. त्यासाठी जे गणित लागते ते आपल्याकडे नववीत शिकवले जाते. विश्वसंच, उपसंच, संयोग, छेद आणि पूरक संच एवढी सामग्री पुरते.

पटावरची ६४ घरे हा विश्वसंच धरू. मग ‘पांढरी प्यादी उभी आहेत ती घरे’ हा त्याचा एक उपसंच झाला. ‘काळ्याच्या ताब्यातली घरे’ हा दुसरा, ‘रिकामी घरे’ हा तिसरा, आणि ‘या घोड्याच्या टप्प्यात येणारी घरे’ हा चौथा. आता घरांना क्रमांक देऊ. पांढऱ्याच्या डाव्या हाताचे कोपऱ्यातले घर a1, त्याचा क्रमांक ०. त्याच्या शेजारचे b1 म्हणजे १, असे करत h1 ला ७. मग दुसरी आडवी ओळ: a2 ला ८, b2 ला ९. अशा रीतीने सर्वांत वरच्या ओळीच्या उजव्या कोपऱ्यातल्या h8 ला ६३ क्रमांक येतो.

क्रम एकदा पक्का ठरला की उपसंच लिहिणे हे वर्गाची हजेरी मांडण्याइतके सोपे होते. घर उपसंचात असेल तर त्याच्या जागी १, नसेल तर ०. ६४ जागांवर ०-१ भरले की तयार होणारी ओळ म्हणजे तो उपसंच. प्रत्येक उपसंचाची अशी एकच ओळ असते आणि प्रत्येक ओळीचा एकच उपसंच. सगळी शून्ये म्हणजे रिक्त संच, सगळे एक म्हणजे विश्वसंच. प्रत्येक जागेला दोनच पर्याय असल्यामुळे n घटकांच्या संचाला २ चा n वा घात इतके उपसंच का असतात, हेही या मांडणीत आपोआप उलगडते. त्यासाठी वेगळी सिद्धता पाठ करावी लागत नाही.

आजचे बहुतेक प्रोसेसर ६४ बिटांची संख्या एका दमात हाताळतात आणि पटावर घरेही ६४ आहेत. म्हणून पटावरचा कोणताही उपसंच एका संख्येत नेमका बसतो. या संख्येला प्रोग्रॅमर बिटबोर्ड म्हणतात. स्टॉकफिश असे आठ बिटबोर्ड सांभाळतो. सहा मोहऱ्यांच्या प्रकारांचे (प्यादी, घोडे, उंट, हत्ती, वजीर, राजे) आणि दोन रंगांचे. ‘पांढरे घोडे’ असा वेगळा संच ठेवण्याची गरजच पडत नाही. घोड्यांचा संच आणि पांढऱ्या मोहऱ्यांचा संच यांचा छेद घेतला की पांढरे घोडे हाती येतात.

हा छेद घेण्यासाठी प्रोसेसर ‘अँड’ नावाची क्रिया वापरतो. तिचे चिन्ह `&`. दोन ओळी एकाखाली एक ठेवायच्या. जिथे दोन्हीकडे १ असेल तिथेच उत्तरात १. संयोगासाठी ‘ऑर’, चिन्ह `|`. कुठल्याही एका ओळीत १ असला तरी उत्तरात १. पूरक संचासाठी ‘नॉट’, चिन्ह `~`. प्रत्येक ० चा १ आणि १ चा ०. या व्याख्या पुस्तकातल्या संचांच्या व्याख्यांशी शब्दशः जुळतात. ‘A मध्येही आहे आणि B मध्येही आहे’ हे वाक्यच एकेका बिटावर चालवले जाते. फरक एवढाच की पुस्तकात घटक एकेक करून तपासावे लागतात आणि इथे चौसष्टही घरांचा निकाल एका आज्ञेत लागतो.

प्रत्यक्ष डाव घेऊन बघू. पांढऱ्याने राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले, e4. काळ्यानेही तसेच उत्तर दिले, e5. आता पांढऱ्याची पाळी आहे. त्याची कोणती प्यादी एक घर पुढे जाऊ शकतात?

इथे चौथी एक क्रिया मदतीला येते. ती संचांची क्रिया नाही, पण पटावर तिच्याशिवाय चालत नाही. सगळी ओळ काही जागांनी सरकवायची. घरांचे क्रमांक असे दिले आहेत की कोणत्याही घराच्या नेमक्या वरच्या घराचा क्रमांक आठने जास्त असतो. म्हणून प्याद्यांची संख्या आठ बिटांनी सरकवली की आठही प्यादी एकदम एकेक घर वर जातात. मग त्यातली रिकाम्या घरांवर पडलेली तेवढी ठेवायची. रिकामी घरे म्हणजे दोन्ही रंगांच्या संयोगाचा पूरक संच. सगळे मिळून दोन ओळी होतात:

```
empty   = ~(white | black)
targets = (pawns << 8) & empty
```

या डावात फक्त तिसऱ्या आणि पाचव्या आडव्या ओळीत काही घडते. त्या दोन ओळी डावीकडून a, b, c अशा क्रमाने लिहिल्या तर चित्र असे दिसते:

```
                    a b c d e f g h
rank 5  pawns << 8  0 0 0 0 1 0 0 0
        empty       1 1 1 1 0 1 1 1
        targets     0 0 0 0 0 0 0 0

rank 3  pawns << 8  1 1 1 1 0 1 1 1
        empty       1 1 1 1 1 1 1 1
        targets     1 1 1 1 0 1 1 1
```

e4 वरचे प्यादे सरकून e5 वर पडले, पण तिथे काळ्याचे प्यादे असल्याने रिकाम्या घरांच्या ओळीत त्या जागी ० आहे आणि छेदात ते गळून गेले. बाकीची सात तशीच राहिली. उत्तर सात, आणि त्यासाठी लागल्या चार क्रिया. पटावर एक प्यादे असो वा आठ, क्रिया चारच. ‘हे प्यादे अडले आहे का’ असा प्रश्न कुठेही विचारावा लागला नाही. या पद्धतीचे खरे सौंदर्य इथे आहे. ती अपवाद शोधत फिरत नाही, छेद घेतला की अपवाद आपोआप बाजूला पडतात.

उत्तराच्या संचात घटक किती, हे मोजायलाही अलीकडच्या प्रोसेसरमध्ये एक स्वतंत्र आज्ञा असते. इंटेलने ती २००८ साली आलेल्या पहिल्या कोअर आय-सेव्हन प्रोसेसरपासून दिली. घटक एकेक करून बाहेर काढायचे असतील तर `x & (x - 1)` ही जुनी युक्ती आहे. तिने संख्येतला सर्वांत खालचा १ पुसला जातो आणि बाकी संच तसाच राहतो. सात प्यादी असतील तर ही क्रिया सातदा केली की संच रिकामा होतो. चौसष्ट घरे चाळावी लागत नाहीत.

ही कल्पना बुद्धिबळाच्या आधी चेकर्समध्ये वापरली गेली. आयबीएमच्या आर्थर सॅम्युएल यांनी अनुभवातून शिकणारा चेकर्सचा प्रोग्रॅम लिहिला आणि १९५९ साली त्यावरचा त्यांचा गाजलेला लेख प्रसिद्ध झाला. चेकर्समध्ये फक्त ३२ घरे वापरली जातात आणि त्यांचे आयबीएम ७०४ हे यंत्र ३६ बिटांची संख्या हाताळत असे. बुद्धिबळात १९७० च्या दशकात अटलांटिकच्या दोन्ही काठांवर हीच वाट धरली गेली. मॉस्कोत अडेल्सन-वेल्स्की, अर्लाझारोव्ह, डोन्स्कॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘काइसा’ घडवले. १९७४ साली स्टॉकहोमला झालेली संगणक बुद्धिबळाची पहिली जागतिक स्पर्धा त्यानेच जिंकली. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात स्लेट आणि अ‍ॅटकिन यांचा ‘चेस ४.०’ बिटबोर्डवरच चालत होता. त्यांच्या यंत्राची संख्या होती ६० बिटांची. चार घरांसाठी जागा अपुरी पडत असल्याने एका पटासाठी दोन संख्या वापराव्या लागत.

आता घोड्याकडे वळू, कारण बिटबोर्ड कुठे दगा देतो ते घोड्याइतके स्पष्ट कोणी दाखवत नाही.

घोडा दोन घरे वर आणि एक उजवीकडे गेला तर क्रमांक १७ ने वाढतो. दोन वर, एक डावीकडे गेला तर १५ ने. एक वर, दोन उजवीकडे गेला तर १० ने आणि एक वर, दोन डावीकडे गेला तर ६ ने. खाली उतरताना याच चार संख्या वजा होतात. प्रत्येक उडीसाठी एकदा सरकवायचे आणि आठ उत्तरांचा संयोग घ्यायचा, एवढेच काम वाटते.

पांढऱ्याचा एक घोडा सुरुवातीला g1 वर असतो. त्याचा क्रमांक ६. सहा अधिक सतरा तेवीस, म्हणजे h3, बरोबर. सहा अधिक पंधरा एकवीस, म्हणजे f3, बरोबर. सहा अधिक सहा बारा, म्हणजे e2, तेही बरोबर. तिथे स्वतःचेच प्यादे आहे, ते पुढे बाद होईल. आणि सहा अधिक दहा सोळा. सोळा क्रमांकाचे घर a3. ते पटाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

हे घडले कारण g1 च्या उजवीकडे दोन घरे नाहीतच. एकच आहे. पण संख्येला पटाची कड ठाऊक नसते. तिच्या दृष्टीने h1 नंतर लगेच a2 येते, जसे ७ नंतर ८. उजव्या कडेवरून बाहेर पडलेला बिट पुढच्या ओळीत डावीकडून आत शिरतो आणि एक न घडणारी उडी खरी असल्यासारखी पटावर येते.

यावरचा उपाय पुन्हा संचांमध्येच आहे. दोन घरे उजवीकडे जाणारी खरी उडी a किंवा b या उभ्या पट्टीवर कधीच पडू शकत नाही. तेव्हा या दोन पट्ट्यांचा संयोग घ्यायचा, त्याचा पूरक संच काढायचा आणि उत्तराचा त्याच्याशी छेद घ्यायचा. अशा गाळणाऱ्या संचाला प्रोग्रॅमर मास्क म्हणतात.

```
(n << 10) & ~(A | B)
```

संयोग, पूरक, छेद, तिन्ही क्रिया एका ओळीत आल्या आणि a3 वरची भुताटकी नाहीशी झाली. एक घर उजवीकडे जाणाऱ्या उडीला फक्त a पट्टीचा मास्क पुरतो. डावीकडच्या उड्यांना h चा, किंवा g आणि h या दोन्हींचा लागतो.

सॅम्युएल यांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता. त्यांच्याकडे ३६ बिट होते आणि घरे ३२. उरलेल्या जागांपैकी त्यांनी ९, १८ आणि २७ हे क्रमांक कोणत्याच घराला दिले नाहीत. त्यामुळे तिरपी चाल पटावर कुठेही असो, क्रमांकात ४ किंवा ५ चाच फरक पडे आणि कडेवरून बाहेर पडणारी चाल नेमकी या तीन मृत जागांपैकी एकीवर जाऊन पडे. बुद्धिबळाला ही चैन परवडत नाही, चौसष्टातला एकही बिट मोकळा नाही. म्हणून तिथे मास्क लागतात.

पण मृत जागा ठेवल्या की पूरक संच काढताना वेगळी दक्षता घ्यावी लागते. ‘रिकामी घरे’ काढण्यासाठी भरलेल्या घरांची ओळ उलटवली तर ९, १८, २७ या जागांवरही १ येतो, कारण तिथे आधी ० होता. जे घर अस्तित्वातच नाही ते रिकामे घर म्हणून मोजले जाते. नॉट ही क्रिया विश्वसंच विचारत नाही. ती संख्येतले सगळे बिट उलटवते. पुस्तकात पूरक संचाआधी विश्वसंच सांगण्याचा आग्रह धरतात तो याचसाठी. विश्वसंच संख्येपेक्षा लहान असेल तर उलटवून झाल्यावर त्याच्याशी छेद घ्यावाच लागतो. बुद्धिबळात ही अडचण येत नाही, कारण विश्वसंच आणि संख्या दोन्ही चौसष्टाचे आहेत.

घोड्याच्या उडीतली चूक पकडायची कशी? इथे एक नाजूक गोष्ट आहे. मास्क विसरलेल्या प्रोग्रॅमला सुरुवातीच्या स्थितीत विचारले की ‘पांढरे घोडे मिळून कोणत्या घरांवर जाऊ शकतात’, तर तो a3, c3, f3 आणि h3 अशी चार घरे सांगेल. उत्तर अगदी बरोबर! कारण a3 वर b1 वरचा दुसरा घोडा खरोखरच जाऊ शकतो. संयोगात एक घटक एकदाच मोजला जातो. तो एका बाजूने आला की दोन, याची नोंद राहत नाही. चुकीचा a3 खऱ्या a3 च्या आड लपून बसतो. हेच दोन्ही घोड्यांना वेगवेगळे विचारले तर b1 वरच्या घोड्याच्या दोन खेळ्या निघतात आणि g1 वरच्याच्या तीन. पांढऱ्याच्या एकूण खेळ्या २० ऐवजी २१ होतात.

म्हणून बुद्धिबळाचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक खेळ्या मोजून तपासणी करतात आणि तिला ‘पर्फ्ट’ म्हणतात. सुरुवातीपासून एका खेळीने किती वाटा निघतात: २०. काळ्याच्या उत्तरासह: ४००. तिसऱ्या खेळीनंतर: ८,९०२. चौथीनंतर: १,९७,२८१. या संख्या ठरलेल्या आहेत आणि कोणाचाही प्रोग्रॅम त्यांच्याशी ताडून पाहता येतो. एका संख्येचा फरक पडला तरी कुठेतरी गफलत आहे हे नक्की. फक्त घोड्यापुरती याहून सोपी कसोटीही आहे. रिकाम्या पटावर घोडा प्रत्येक घरी ठेवून त्याच्या उड्या मोजल्या तर चौसष्ट घरांची बेरीज ३३६ येते. त्यापेक्षा जास्त आली तर एखादी उडी कडेवरून पलीकडे शिरते आहे असे समजावे.

आणखी एक चूक वरचेवर होते, आणि ती संचांची नसून संख्येच्या रुंदीची असते. सी भाषेत a6 या ४० क्रमांकाच्या घराचा एकट्याचा संच बनवायला नवखा माणूस `1 << 40` असे लिहितो. पण तिथला साधा `1` बहुतेक यंत्रांवर ३२ बिटांचाच असतो. त्याला चाळीस जागा सरकवणे भाषेच्या नियमांत बसत नाही आणि उत्तर काय यावे हेही ठरलेले नाही. इंटेलच्या प्रोसेसरवर पुष्कळदा चाळिसातून बत्तीस वजा होऊन आठ जागाच सरकतात, आणि a6 वर ठेवलेला मोहरा a2 वर उगवतो. `1ULL << 40` असे लिहिले, म्हणजे एक ही संख्या निदान ६४ बिटांची आहे असे आधी बजावले, की काम होते. पटाच्या खालच्या अर्ध्या भागात सगळे सुरळीत आणि वरच्या अर्ध्यात गोंधळ, असे दिसले की जाणकार आधी हेच तपासतात.

उपसंच बिटांत लिहिणे सगळीकडे फायद्याचे नसते. विश्वसंच मोठा आणि उपसंच छोटा असेल तर ही मांडणी महाग पडते. दहा अंकी मोबाइल क्रमांक हा विश्वसंच धरला तर शक्य क्रमांक एक हजार कोटी. प्रत्येकाला एक बिट दिला की एक उपसंच सव्वाशे कोटी बाइट व्यापतो, मग त्यात दहा क्रमांक असोत की दहा लाख. दहा क्रमांकांसाठी साधी यादीच बरी. घटक थोडे, आधीच माहीत असलेले आणि क्रम लावून घेता येणारे असतील तिथे बिटांची ओळ शोभते: आठवड्याचे सात वार, पत्त्यांच्या जोडातली बावन्न पाने, किंवा पटावरची चौसष्ट घरे.

ज्यांना हे हाताने करून पाहायचे आहे त्यांनी फुली-गोळ्यापासून सुरुवात करावी. घरे नऊ, डावीकडून उजवीकडे, वरून खाली ० ते ८ क्रमांक द्यावेत आणि k क्रमांकाच्या घराची किंमत २ चा k वा घात धरावी. मग वरची आडवी ओळ ७, मधली ५६, खालची ४४८. उभ्या ओळी ७३, १४६, २९२. तिरप्या २७३ आणि ८४. फुलीचा संच x असेल आणि `(x & 273) == 273` हे खरे ठरले, तर फुलीने ती तिरपी ओळ जिंकली. रिकामी घरे काढायची असतील तर `~(x | o) & 511` लिहावे. ५११ म्हणजे इथला नऊ घरांचा विश्वसंच, आणि तो गाळला तर संगणक नसलेली घरेही रिकामी म्हणून दाखवेल.